एचडीएल, कोलेस्टेरॉलची उलटी वाहतूक आणि फसलेली औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिपिड प्रोफाइलच्या अहवालात ‘एचडीएल कोलेस्टेरॉल’ म्हणून जो आकडा येतो, तो नेमके काय मोजतो?

एचडीएल हे कोलेस्टेरॉलच्या एका प्रकाराचे नाव नाही. ते रक्तात फिरणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे नाव आहे, आणि या कणांत प्रथिने, फॉस्फोलिपिड, थोडे ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल असते. प्रयोगशाळा हे कण मोजत नाही आणि त्यांनी किती काम केले हेही मोजत नाही. रक्त काढले त्या क्षणी या सर्व कणांच्या पोटात मिळून जेवढे कोलेस्टेरॉल होते, त्याचे प्रति डेसिलिटर वजन अहवालात छापलेले असते. यापुढे या लेखात ‘मिलिग्रॅम’ असा उल्लेख येईल तेथे तो प्रति डेसिलिटर असाच समजावा.

हा फरक शब्दच्छल वाटू शकतो, पण गेल्या २० वर्षांत या क्षेत्रात जे घडले त्याचे मूळ याच फरकात आहे. शहरातल्या घंटागाड्यांचे उदाहरण घेऊ. सकाळी ११ वाजता रस्त्यावर असलेल्या सर्व घंटागाड्यांतला कचरा एकत्र करून वजन केले, तर एक आकडा मिळेल. त्यावरून शहर स्वच्छ होत आहे की नाही, हे मात्र कळणार नाही. गाड्या भराभर फिरत असल्यामुळे वजन जास्त भरले असेल, किंवा कचरा डेपोचे फाटक बंद असल्यामुळे भरलेल्या गाड्या रांगेत उभ्या असतील. दोन्ही प्रसंगी काटा जवळजवळ तेच वजन दाखवील.

कोलेस्टेरॉलची उलटी वाहतूक म्हणजे काय, आणि ती कोणत्या टप्प्यांनी होते?

यकृत आणि आतडे यांच्याकडून शरीराच्या पेशींकडे कोलेस्टेरॉल जाते, ती सरळ वाहतूक होय. पेशींकडून ते परत यकृताकडे आणि तेथून शरीराबाहेर जाते, ती उलटी वाहतूक. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ग्लॉमसेट यांनी १९६८ मध्ये ही कल्पना मांडली. तिची गरज अशी, की शरीरातल्या बहुतेक पेशींना कोलेस्टेरॉलचा रेणू मोडता येत नाही. जो माल पेशीत साठतो तो तेथे जाळता येत नाही, उचलून बाहेरच न्यावा लागतो.

धमनीच्या भिंतीतली भक्षक पेशी हे आपल्या कामाचे उदाहरण आहे. सरळ वाहतुकीत कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण भिंतीत अडकले की ही पेशी ते गिळते, त्यांतले कोलेस्टेरॉल मेदाम्लाशी जोडून, म्हणजे एस्टरच्या रूपात, थेंबाथेंबाने साठवते आणि फुगत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ती फेस भरल्यासारखी दिसते, म्हणून तिला फेसाळ पेशी म्हणतात. हृदयाच्या धमन्यांत जे थर तयार होतात, त्यांत अशा पेशींची गर्दी असते.

तेथून निघण्यासाठी साठवलेले एस्टर आधी मोडून मोकळे कोलेस्टेरॉल व्हावे लागते. मग पेशीच्या आवरणातले एबीसीए१ नावाचे प्रथिन ते बाहेर ढकलते आणि अ‍ॅपो ए-१ नावाचे जवळजवळ रिकामे प्रथिन ते उचलून घेते. त्यातून चकतीच्या आकाराचा नवजात एचडीएल कण तयार होतो. एलकॅट नावाचे विकर या कणावरील कोलेस्टेरॉलचे पुन्हा एस्टर करते. एस्टर कणाच्या गाभ्यात सरकतात आणि चकतीचा गोल होतो. अशा गोल झालेल्या कणाला एबीसीजी१ हे दुसरे प्रथिन आणखी माल देत राहते.

यकृतापर्यंत पोचण्याचे यापुढे दोन रस्ते आहेत. पहिल्या रस्त्यात यकृताच्या पेशींवरचे एसआर-बी१ हे ग्राहक प्रथिन कणातला माल तेवढा काढून घेते आणि रिकामा कण पुन्हा रक्तात सोडते. दुसऱ्या रस्त्यात सीईटीपी हे प्रथिन एचडीएलमधले कोलेस्टेरॉल एस्टर एलडीएल आणि त्याच्या भाईबंद कणांकडे देते, त्यांच्याकडचे ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणते, आणि मग एलडीएलसाठी असलेल्या ग्राहकांमार्फत तो माल यकृतात जातो. उंदरांमध्ये सीईटीपी मुळात नसते, माणसात मात्र हा दुसरा रस्ता बराच वापरला जातो. यकृतात आलेले कोलेस्टेरॉल तसेच किंवा पित्ताम्लांच्या रूपात पित्तात उतरते आणि त्यातला काही भाग शेवटी मलावाटे बाहेर पडतो. वाहतूक पूर्ण झाली असे येथेच म्हणता येते.

मग एचडीएलचा आकडा जास्त म्हणजे वाहतूक जास्त, असे का म्हणता येत नाही?

याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही प्रयोगांनी दाखवलेली आहेत.

पहिले कारण म्हणजे एचडीएलमधले बहुतेक कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीतून आलेलेच नसते. ज्या उंदरांच्या फक्त यकृतातले एबीसीए१ काढून टाकले, त्यांच्या रक्तातले एचडीएल कोलेस्टेरॉल सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. याचा अर्थ रक्तातल्या एचडीएलचा बहुतांश माल यकृतानेच भरलेला असतो. उलट, ज्या उंदरांच्या भक्षक पेशींतले एबीसीए१ काढले, त्यांच्या एचडीएलच्या आकड्यात फारसा फरक पडला नाही, पण त्यांच्या धमन्यांतले थर वाढले. घंटागाड्यांत भरलेला बहुतेक माल डेपोतूनच आलेला असावा, ज्या एका गल्लीची आपल्याला काळजी आहे तिच्या कचऱ्याचा वाटा नगण्य असावा, आणि तरीही आपण एकूण वजनावरून त्या गल्लीची सफाई ठरवावी, असा हा प्रकार आहे.

दुसरे कारण फाटकाचे आहे. उंदरांच्या यकृतातले एसआर-बी१ वाढवले तर एचडीएलचा आकडा खाली येतो, कारण कण भराभर रिकामे होतात, आणि धमन्यांतले थरही कमी होतात. एसआर-बी१ काढून टाकले तर आकडा वाढतो आणि थरही वाढतात. भक्षक पेशींमध्ये खूण केलेले किरणोत्सारी कोलेस्टेरॉल भरून त्या उंदरात सोडायच्या आणि विष्ठेत ती खूण किती उतरते ते मोजायचे, अशी एक पद्धत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॅनिएल रेडर यांच्या गटाने वापरली. एसआर-बी१ वाढवलेल्या उंदरांत एचडीएल कमी असूनही विष्ठेतली खूण जास्त भरली. साठा आणि प्रवाह यांची दिशा परस्परविरोधी असू शकते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मागणे अवघड आहे.

पण कमी एचडीएल असलेल्यांना हृदयविकाराचे झटके जास्त येतात, हे तर खरे आहे ना?

निर्विवाद खरे आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने १९७७ मध्ये ते ठळकपणे दाखवले आणि त्यानंतर अनेक देशांत तेच आढळले. पुढे निरनिराळे अभ्यास एकत्र करून काढलेला एक अंदाज पुष्कळ वर्षे उद्धृत होत राहिला, तो असा की एचडीएल १ मिलिग्रॅमने जास्त असेल तर हृदयरोगाचा धोका पुरुषांत सुमारे २ टक्क्यांनी आणि स्त्रियांत सुमारे ३ टक्क्यांनी कमी असतो. हा अंदाज लक्षात ठेवावा, पुढे त्याच्यावरच हिशेब करायचा आहे.

संबंध खरा असला तरी तो कार्यकारणाचाच असतो असे नाही. ज्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइडने भरलेले कण जास्त असतात, त्यांच्यात सीईटीपीची देवाणघेवाण जोरात चालते. एचडीएलमधले कोलेस्टेरॉल निघून जाते आणि त्या जागी ट्रायग्लिसराइड येते. यकृतातले लायपेज विकर असे कण कुरतडून लहान करते, आणि सुटलेले अ‍ॅपो ए-१ मूत्रपिंडात जाऊन नष्ट होते. परिणामी अहवालात एचडीएल कमी दिसते. म्हणजे कमी एचडीएल ही बऱ्याचदा दुसऱ्याच गोष्टीची सावली असते: पोटाभोवतीची चरबी, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पेशी, आणि धमनीत शिरू शकणाऱ्या, ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांची गर्दी. ट्रायग्लिसराइडचा आकडा जेवणागणिक हलतो आणि एचडीएलचा त्या मानाने स्थिर राहतो. त्यामुळे संख्याशास्त्रात सावलीच मूळ वस्तूपेक्षा ठळक उमटते, असे या विषयातल्या पुष्कळांचे मत आहे आणि मला ते पटते.

आपल्याकडे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे ७२ टक्के लोकांचे एचडीएल कमी आढळले होते. इतक्या लोकांना एचडीएल वाढवणारी गोळी हवी असा त्याचा अर्थ घेणे सोपे होते, पण त्या ७२ टक्क्यांमागे काय दडले आहे हा प्रश्न अधिक योग्य ठरला असता.

जन्मतःच ज्यांचे एचडीएल जास्त असते, त्यांचे काय होते?

हा नैसर्गिक प्रयोगच म्हणावा लागेल, कारण जनुके चिठ्ठी टाकल्यासारखी वाटली जातात आणि खाणे, व्यायाम, धूम्रपान यांच्याशी त्यांचा संबंध नसतो. एंडोथेलियल लायपेज या विकराच्या जनुकातला एक बदल एचडीएल सुमारे ५.५ मिलिग्रॅमने वाढवतो आणि बाकीच्या लिपिडना फारसे छेडत नाही. निरीक्षणांवरून काढलेले गणित खरे असते, तर हा बदल असलेल्यांना झटक्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी असायला हवा होता. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक लाखाहून अधिक व्यक्तींवर आधारलेल्या विश्लेषणात तो अजिबात कमी आढळला नाही.

२०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास आणखी बोलका होता. एसआर-बी१ च्या जनुकात एक दुर्मीळ बिघाड असलेल्या आणि त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या एका व्यक्तीचे एचडीएल १५० मिलिग्रॅमच्या घरात होते. या बिघाडाची एक प्रत बाळगणाऱ्यांत एचडीएल जास्त असूनही हृदयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. उंदरांत दिसलेले बंद फाटक माणसांतही तसेच वागले.

औषध कंपन्यांनी सीईटीपीलाच का लक्ष्य केले?

सीईटीपी जन्मतः नसलेली काही जपानी कुटुंबे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सापडली. त्यांचे एचडीएल अतिशय जास्त होते आणि एलडीएल कमी होते. सीईटीपी रोखणाऱ्या एका रसायनाने सशांच्या धमन्यांतले थर कमी झाल्याचे २००० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. तोंडाने घ्यायची गोळी आणि एचडीएलमध्ये दुपटीपर्यंतची वाढ, हे त्या काळी फार मोठे आमिष होते, कारण तोवर उपलब्ध असलेली औषधे एचडीएल जेमतेम १० ते ३० टक्क्यांनी वाढवत.

मात्र वरचे टप्पे आठवले तर एक शंका तेव्हाच यायला हवी होती. माणसात सीईटीपी हा यकृताकडे जाणारा एक रस्ता आहे. तो बंद केल्यावर एचडीएलमध्ये माल साठणार आणि आकडा वाढणार, हे उघड आहे. प्रश्न होता तो साठलेला माल दुसऱ्या रस्त्याने यकृतापर्यंत पोचतो की नाही, हा. २००५ मध्ये एका छोट्या मानवी अभ्यासात टॉरसेट्रापिब हे औषध देऊन हेच तपासले गेले. एचडीएल भरपूर वाढले, आणि ते वाढण्याचे एक कारण म्हणजे अ‍ॅपो ए-१ रक्तातून नाहीसे होण्याचा वेग मंदावला होता. मलावाटे बाहेर पडणाऱ्या स्टेरॉलचे प्रमाण मात्र बदलले नाही. गाड्या वाढल्या होत्या, डेपोतल्या काट्यावर काहीच जादा उतरले नव्हते. हा निष्कर्ष मोठी चाचणी थांबवण्याइतका भक्कम नव्हता, पण त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही असे मला वाटते.

टॉरसेट्रापिबचे नेमके काय झाले?

फायझर कंपनीच्या या औषधाची ‘इल्युमिनेट’ ही चाचणी १५,०६७ रुग्णांवर चालू होती. सर्वांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे एलडीएल उतरवणारे स्टॅटिन वर्गातले औषध मिळत होते आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला टॉरसेट्रापिब. वर्षभरात औषध घेणाऱ्यांचे एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढले आणि एलडीएल २५ टक्क्यांनी घटले. कागदावर याहून चांगला अहवाल मागता आला नसता. तरीही २ डिसेंबर २००६ रोजी चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. अंतिम मोजणीत औषधाच्या गटात ९३ आणि दुसऱ्या गटात ५९ मृत्यू झाले होते. हृदयविकाराच्या मोठ्या घटनाही २५ टक्क्यांनी जास्त होत्या.

कारणाचा माग रक्ताच्या साध्या तपासण्यांत सापडला. औषध घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ५.४ मिलिमीटरने वाढला होता, पोटॅशियम घटले होते, सोडियम आणि बायकार्बोनेट वाढले होते, आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी चढली होती. ही सर्व चिन्हे एकत्र दिसली की अधिवृक्क ग्रंथीकडे बोट जाते. हा रेणू सीईटीपी रोखण्याखेरीज त्या ग्रंथीलाही डिवचत होता, आणि त्याचा सीईटीपीशी संबंध नव्हता.

म्हणजे दोष त्या एका रेणूचा होता, कल्पनेचा नव्हता?

तेव्हा बहुतेकांनी असेच म्हटले, आणि तसे म्हणणे वावगेही नव्हते. त्याचा निवाडा करायला अल्डोस्टेरॉनला न छेडणारी औषधे हवी होती, आणि तशी तीन पुढे आली.

रोश कंपनीच्या डॅलसेट्रापिबने एचडीएल ३० ते ४० टक्क्यांनी वाढवले आणि एलडीएल जवळजवळ तसेच ठेवले. म्हणून शुद्ध एचडीएलची परीक्षा म्हणून हीच चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. नुकताच झटका किंवा तत्सम त्रास झालेल्या १५,८७१ रुग्णांवर ती झाली. औषध घेणाऱ्यांत घटनांचे प्रमाण ८.३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८.० टक्के भरले. फायद्याची शक्यता उरली नाही म्हणून २०१२ मध्ये ती बंद झाली.

लिली कंपनीच्या एव्हासेट्रापिबने १२,०९२ रुग्णांत एचडीएल १३० टक्क्यांहून अधिक वाढवले आणि मोजणीनुसार एलडीएल ३१ टक्क्यांनी उतरवले. तरी घटना १२.९ विरुद्ध १२.८ टक्के, म्हणजे फरक शून्य. येथे वाचक रास्त प्रश्न विचारील: एचडीएलचे सोडा, पण एलडीएल इतके उतरले तर फायदा का नाही? चाचणी सुमारे सव्वादोन वर्षांतच थांबली, हे उत्तराचा एक भाग आहे. दुसरा भाग असा, की सीईटीपी रोखल्यावर प्रत्येक एलडीएल कणाच्या पोटातले कोलेस्टेरॉल कमी होते, पण कणांची संख्या त्या प्रमाणात घटत नाही. प्रत्येक एलडीएल कणावर अ‍ॅपो बी हे प्रथिन एकेकच असते, त्यामुळे कण मोजायचे तर ते मोजावे लागते, आणि ते सुमारे १५ टक्केच उतरले होते. धमनीच्या भिंतीत कण शिरतात, टक्केवारी शिरत नाही.

अ‍ॅनासेट्रापिबने तर झटके कमी केले. मग एचडीएल वाढवण्याचा विचार बरोबर ठरला ना?

मर्क कंपनीच्या या औषधाची ‘रिव्हील’ चाचणी ३०,४४९ रुग्णांवर सरासरी ४ वर्षांहून थोडा अधिक काळ चालली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. हृदयाच्या मोठ्या घटना औषधाच्या गटात १०.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के झाल्या. म्हणजे सापेक्ष घट ९ टक्के. ती खरी आहे, योगायोग नाही. पण तिचे श्रेय कोणाला द्यायचे हे हिशेब करून पाहण्यासारखे आहे, आणि तो कोणालाही कागदावर करता येईल.

या औषधाने एचडीएल ४३ मिलिग्रॅमने वाढले होते. आधी सांगितलेला अंदाज कारणाचा असता, तर प्रत्येक मिलिग्रॅममागे धोका २ टक्क्यांनी उतरायला हवा होता. ०.९८ या संख्येला ४३ वेळा स्वतःने गुणले की सुमारे ०.४२ येते. म्हणजे धोका ५८ टक्क्यांनी घटायला हवा होता.

आता दुसरी बाजू पाहू. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यावर उरते ते नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल, ज्यात धमनीत शिरू शकणारे सर्व कण येतात. ते या चाचणीत १७ मिलिग्रॅमने घटले होते. स्टॅटिनच्या अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला, आणि वारंवार खरा ठरलेला नियम असा आहे, की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरले की मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी उतरतात. १७ म्हणजे ३९ चा ०.४४ भाग. ०.७८ चा ०.४४ वा घात काढला की सुमारे ०.९० मिळतो, म्हणजे १० टक्के घट अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात ९ टक्के घट झाली. नॉन-एचडीएलच्या १७ मिलिग्रॅमने जवळजवळ सगळा फायदा एकट्याने समजावला, आणि एचडीएलच्या ४३ मिलिग्रॅमच्या वाटणीला काही उरले नाही. स्टॅटिनवरचा नियम दुसऱ्या औषधाला लावण्यात थोडी ढोबळता आहे हे मान्य आहे, पण ५८ आणि ९ यांच्यातली दरी ढोबळतेने भरून निघणारी नाही.

मर्कने पुढे या औषधासाठी परवानगी मागितली नाही. फायदा माफक होता आणि औषध शरीरातल्या चरबीत दीर्घकाळ साठून राहत होते. त्यानंतर आलेले ओबिसेट्रापिब हे याच वर्गातले औषध आहे, पण त्याचा विचार एलडीएल कमी करणारे औषध म्हणून होतो. वर्ग तोच, पण जाहिरातीतला नायक बदलला, असे गमतीने म्हणता येईल.

निआसिनने एचडीएल वाढते असे पूर्वी डॉक्टर सांगत असत. ते आता का देत नाहीत?

निआसिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत. स्टॅटिन येण्यापूर्वीच्या एका चाचणीत त्याने पुन्हा येणारे झटके काही प्रमाणात कमी केले होते, त्यावर त्याची कीर्ती टिकून होती. पण निआसिन एलडीएल आणि ट्रायग्लिसराइडही उतरवते, तेव्हा तो फायदा एचडीएलचा होता असे मानायला आधार नव्हता. स्टॅटिन घेणाऱ्यांत ते वरून दिल्यावर काय होते, हे दोन चाचण्यांनी दाखवले. ‘एम-हाय’ ही ३,४१४ रुग्णांची चाचणी २०११ मध्ये निष्फळ म्हणून थांबली. २५,६७३ रुग्णांच्या ‘एचपीएस२-थ्राइव्ह’ चाचणीत घटना १३.२ विरुद्ध १३.७ टक्के झाल्या, म्हणजे अर्थपूर्ण फरक नव्हता. मधुमेह बिघडणे, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव हे मात्र वाढले. या चाचणीत निआसिनच्या जोडीला लॅरोपिप्रँट हे दुसरे औषध होते, त्यामुळे सर्व दोष निआसिनचाच असे म्हणता येत नाही, पण फायद्याचा प्रश्न त्याने निकाली निघाला.

आकडा न मोजता एचडीएलचे काम मोजता येत नाही का?

येते, पण रोजच्या प्रयोगशाळेत नाही. संवर्धित भक्षक पेशींमध्ये खूण केलेले कोलेस्टेरॉल भरतात, त्यांवर रुग्णाच्या रक्तद्रवातून अ‍ॅपो बी असलेले कण काढून उरलेला भाग टाकतात, आणि ठरावीक तासांत किती खूण पेशींबाहेर आली ते मोजतात. याला कोलेस्टेरॉल उचलण्याची क्षमता म्हणू. डॅलस येथील २,९२४ लोकांच्या अभ्यासात, २०१४ मध्ये, ही क्षमता जास्त असणाऱ्यांना पुढील काळात हृदयविकार कमी झाल्याचे आढळले, आणि एचडीएलचा आकडा हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. त्यामुळे उलट्या वाहतुकीची कल्पना मोडीत निघाली असे म्हणणे घाईचे ठरेल. मोडीत निघाली ती तिच्या मोजमापाची पद्धत.

मात्र ही चाचणी उचलण्याचा पहिला टप्पाच मोजते, यकृतात उतरवण्याचा नाही. शिवाय जिवंत पेशी, किरणोत्सारी किंवा चमकणारी खूण आणि प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी रीत, यांमुळे दोन ठिकाणचे आकडे ताडून पाहता येत नाहीत.

मग रिकाम्या गाड्याच बाहेरून सोडल्या तर?

हा सर्वांत सरळ प्रयोग होता. माणसाच्या रक्तद्रवातून काढलेले अ‍ॅपो ए-१ शिरेवाटे द्यायचे, म्हणजे उचलण्याची क्षमता खरोखर वाढते. इटलीतल्या लिमोने या तळ्याकाठच्या गावात सापडलेल्या अ‍ॅपो ए-१ च्या एका वेगळ्या रूपाने २००३ मध्ये छोट्या चाचणीत धमन्यांतले थर किंचित आटल्याचे दाखवून मोठी आशा निर्माण केली होती. नंतर स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत तो परिणाम पुन्हा दिसला नाही.

सीएसएल११२ हे सामान्य अ‍ॅपो ए-१ पासून केलेले औषध. झटका येऊन गेलेल्या १८,२१९ रुग्णांना आठवड्याला एक अशा ४ मात्रा, किंवा निष्क्रिय द्रव, देण्यात आला. २०२४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ९० दिवसांत औषधाच्या गटात ४.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ५.२ टक्के घटना झाल्या होत्या. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ४ मात्रांचा काळ वर्षानुवर्षे साचलेल्या थरांसाठी अपुरा असेल, किंवा अशा थरांत अडथळा गाड्यांचा नसून पेशीतून माल बाहेर काढण्याचाच असेल. दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

एचडीएल खूप जास्त असणे धोक्याचे असू शकते का?

कोपनहेगनमधील मोठ्या लोकसंख्या अभ्यासात ११६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक एचडीएल असलेल्या पुरुषांत एकूण मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हेही निरीक्षणच आहे, आणि अतिमद्यपानाने एचडीएल वाढते हे त्यामागचे एक कारण असू शकते. मात्र ८० किंवा ९० चा आकडा पाहून निर्धास्त होऊन वाढलेल्या एलडीएलकडे काणाडोळा करणे, ही चूक प्रत्यक्षात जास्त दिसते.

व्यायामाने आणि धूम्रपान सोडल्याने एचडीएल वाढते. तेही निरुपयोगी समजायचे का?

नाही. दोन्हींचे फायदे स्वतंत्रपणे सिद्ध आहेत. एचडीएलची वाढ त्यांच्या सोबत येते, फायद्याचे कारण म्हणून नव्हे. त्यामुळे ६ महिने नियमित चालूनही हा आकडा ३ मिलिग्रॅमनेच हलला, म्हणून व्यायाम सोडू नये.

माझे एचडीएल ३२ आहे. डॉक्टर त्यासाठी वेगळी गोळी देत नाहीत, हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, पण अहवाल तेथेच मिटून ठेवू नये. समजा एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २४० आहे. प्रयोगशाळा नेहमीच्या सूत्राने ट्रायग्लिसराइडला ५ ने भागते, ४८ येतात, आणि १९० मधून ३२ व ४८ वजा करून एलडीएल ११० छापते. अनेकांना हा आकडा बरा वाटतो. पण १९० मधून फक्त ३२ वजा केले तर नॉन-एचडीएल १५८ येते, आणि धमनीत शिरू शकणारे कोलेस्टेरॉल तेवढे आहे. ११० आणि १५८ यांच्यात दडलेला ४८ चा माल ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांत आहे, आणि याच कणांमुळे एचडीएल ३२ वर उतरलेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा अहवालात ३२ हा आकडा एक खूण म्हणून वाचावा: रक्तातली साखर, कमरेचा घेर, यकृतातली चरबी आणि थायरॉइड तपासावे, शक्य असल्यास अ‍ॅपो बी मोजून घ्यावे, आणि उपचाराचे उद्दिष्ट १५८ खाली आणणे हे असावे. ते किती खाली आणायचे, हे मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान आणि आधी झटका येऊन गेला आहे की नाही, यावरून डॉक्टर ठरवतील.